दिवसांचाही भाव असतो

सोलापूरच्या टॉवेल उत्पादकाकडून कुर्डुवाडीच्या कापड दुकानदाराला हंगामापूर्वी जे दरपत्र येते, त्यात दोन आकडे असतात. एक नगाचा दर आणि दुसरा पैसे देण्याची मुदत. दुकानदाराची नजर पहिल्या आकड्यावर खिळते, आणि उत्तरही त्याच आकड्याला धरून जाते: “दर फार वाढवला, कमी करा.” मुदतीविषयी एखादे वाक्य शेवटी असते, तेही तक्रारीच्या सुरात. वास्तविक हे दोन आकडे एकाच रकमेच्या दोन बाजू होत. त्या एकत्र मांडल्या, की उत्पादकाचे मन न दुखावता कोठे आणि किती मागता येईल, हे आपोआप स्पष्ट होते.

हे समजण्यासाठी एक नमुना घेता येईल. लग्नसराईत टॉवेल-टोपीच्या आहेराला लागणारा ३०० ग्रॅम वजनाचा टॉवेल दुकानदार गेल्या वर्षी १२० रुपये नगाने आणि ६० दिवसांच्या उधारीवर घेत होता. यंदा ३ तारखेला उत्पादकाचा ई-मेल आला. त्यात सूत महागल्याने दर १३० रुपये, मुदत ३० दिवस आणि मागणी १० तारखेपर्यंत कळवावी, असा मजकूर होता. दुकानदाराला २,००० नग हवे आहेत. जीएसटीची रक्कम सोयीसाठी या हिशेबाबाहेर ठेवली आहे.

खरी वाढ किती?

दुकानदाराचे बँकेत कॅश क्रेडिट खाते असून व्याज वार्षिक १२ टक्के, म्हणजे महिन्याला १ टक्का आहे, असे धरू. उधारीच्या प्रत्येक महिन्यात तेवढे व्याज वाचते. गेल्या वर्षीच्या १२० रुपयांवर दोन महिन्यांचे २ रुपये ४० पैसे वाचत होते. म्हणून टॉवेल खऱ्या अर्थाने ११७ रुपये ६० पैशांना पडत होता. यंदाच्या १३० रुपयांवर एकाच महिन्याचे १ रुपया ३० पैसे वाचतील, म्हणजे टॉवेल १२८ रुपये ७० पैशांना पडेल. कागदावरची वाढ १० रुपयांची दिसते, ती प्रत्यक्षात ११ रुपये १० पैशांची आहे. २,००० नगांवर हा बोजा २२,२०० रुपये होतो.

आता हाच हिशेब उत्पादकाच्या बाजूने करावा. लहान कारखानदाराला पैसा बहुधा दुकानदारापेक्षा महाग पडतो. त्याने मुदत ६० दिवसांवरून ३० वर आणली, हीच त्याची खूण आहे. त्याचा पैसा वार्षिक १८ टक्क्यांनी, म्हणजे महिन्याला दीड टक्क्याने अडकतो असे मानले, तर गेल्या वर्षी १२० रुपयांतले ३ रुपये ६० पैसे प्रतीक्षेतच जात होते आणि हाती खरे ११६ रुपये ४० पैसेच पडत होते.

सुताचे कारणही तपासून पाहता येते. सुताचा दर किलोमागे १५ रुपयांनी वाढला असेल आणि ३०० ग्रॅमच्या टॉवेलला घटीसह ३२० ग्रॅम सूत लागत असेल, तर नगामागे वाढ ४ रुपये ८० पैसे होते. उरलेल्या वाढीत मजुरी असेल, वीज असेल, किंवा पुढच्या दरवाढीची धास्तीही असेल. ही तपासणी उत्पादकाला खोटे पाडण्यासाठी करायची नाही. आपण मागणार ती सवलत त्याचा खर्च भरून निघेल इतपतच आहे ना, याची स्वतःची खात्री करून घेण्यासाठी ती करायची.

साठ दिवसांचा हट्ट का धरू नये?

येथे अनेकांना वाटते, की जुनी ६० दिवसांची मुदत हा आपला हक्क आहे आणि ती परत मिळवणे हेच पहिले काम. परंतु उत्पादकाची ‘उद्यम’ नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ नुसार लेखी कराराने ठरवलेली मुदतही माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. मुदत लेखी ठरलेलीच नसेल, तर १५ दिवसांत पैसे देणे अपेक्षित असते. उशीर झाल्यास कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते.

याला प्राप्तिकराची जोड मिळाली आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने आणलेले आणि व्यापाऱ्यांत ‘४३ बी (एच)’ या नावाने ओळखले जाणारे बंधन १ एप्रिल २०२४ पासून अमलात आले. अशा पुरवठादाराची रक्कम ठरलेल्या मुदतीत दिली नाही आणि ती वर्षअखेरीस येणेच राहिली, तर त्या वर्षाच्या उत्पन्नातून तो खर्च वजा मिळत नाही. ज्या वर्षी पैसे दिले जातील, त्या वर्षी मिळतो. मार्चच्या तोंडावर घेतलेल्या मालाबाबत हे विशेष लक्षात ठेवावे लागते.

यातून निघणारा निष्कर्ष थोडा अनपेक्षित आहे. तोंडी ठरलेले ६० दिवस कायद्याच्या दृष्टीने १५ दिवसच ठरतात, तर उत्पादकाने ई-मेलमध्ये लिहिलेले ३० दिवस हे खरोखरच ३० दिवस असतात. ज्या ओळीचा दुकानदाराला राग आला, तीच त्याला संरक्षण देणारी आहे. मागायचेच असेल तर ४५ दिवसांपर्यंत मागता येईल, आणि तेही लेखी.

एक मर्यादा मात्र आहे. पुरवठादार स्वतः उत्पादक नसून केवळ ठोक व्यापारी असेल, किंवा त्याचा उद्योग मध्यम गटातील असेल, तर हे बंधन लागू होत नाही. म्हणून उत्तर लिहिण्यापूर्वी त्याचे उद्यम प्रमाणपत्र मागवून त्यातील गट आणि व्यवसायाचा प्रकार पाहून घ्यावा.

एक मागणी नव्हे, दोन पर्याय

आता उत्तराची बांधणी. दुकानदाराने एकच आकडा पुढे केला, तर समोरच्याला ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणता येते, आणि ‘नाही’ म्हणणे दोघांनाही अवघड जाते. त्याऐवजी स्वतःला जवळपास सारखे पडणारे दोन पर्याय मांडावेत. त्यातून निवड उत्पादकाने करावी.

पहिला पर्याय १२६ रुपये आणि ४५ दिवसांचा. दुकानदाराला दीड महिन्याचे १ रुपया ८९ पैसे वाचतात, म्हणून टॉवेल १२४ रुपये ११ पैशांना पडतो. दुसरा पर्याय १२४ रुपये आणि माल पोहोचल्यापासून ७ दिवसांत पूर्ण रक्कम. त्यात वाचणारे व्याज जेमतेम २९ पैसे आहे, म्हणून टॉवेल १२३ रुपये ७१ पैशांना पडतो. दोहोंत ४० पैशांचाच फरक असल्याने उत्पादकाने कोणताही निवडला तरी दुकानदाराचे बिघडत नाही.

उत्पादकाच्या महाग पैशाने मोजले, तर पहिल्या पर्यायात त्याच्या हाती खरे १२३ रुपये १७ पैसे पडतात आणि दुसऱ्यात १२३ रुपये ५७ पैसे. म्हणजे दुसरा पर्याय त्यालाही ४० पैशांनी सरस आहे. ज्याला पैसा स्वस्त पडतो त्याने तो लवकर द्यावा आणि ज्याला महाग पडतो त्याने दर कमी करावा, यात दोघांचेही भले होते. गेल्या वर्षीच्या ११६ रुपये ४० पैशांच्या तुलनेत उत्पादकाला ७ रुपये १७ पैसे अधिक मिळतात. त्यातून सुताचे ४ रुपये ८० पैसे भागून मजुरी-विजेसाठी २ रुपये ३७ पैसे उरतात. दुकानदाराचे मूळ प्रस्तावाच्या तुलनेत नगामागे जवळपास ५ रुपये, म्हणजे २,००० नगांवर सुमारे १०,००० रुपये वाचतात.

दुसरा पर्याय लिहिण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. माल आल्यापासून सातव्या दिवशी २,४८,००० रुपये आणि त्यावरचा कर देण्याइतकी जागा कॅश क्रेडिटच्या मर्यादेत खरोखर शिल्लक आहे का? नसेल तर हा पर्याय लिहूच नये.

विचारणा की प्रतिप्रस्ताव?

शब्दांची निवड केवळ सौजन्याची बाब नाही. तिला कायदेशीर वजन आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम ७ प्रमाणे स्वीकृती विनाअट असावी लागते. अट घालून दिलेले उत्तर हा नवा प्रस्ताव ठरतो आणि त्यासरशी मूळ प्रस्ताव नाकारला गेला असे मानले जाते. इंग्लंडमधील १८४० च्या हाइड विरुद्ध रेंच या खटल्यात १,००० पौंडांना देऊ केलेल्या शेतीला खरेदीदाराने ९५० पौंड देऊ केले. विक्रेत्याने ते नाकारल्यावर ‘बरे, १,००० देतो’ असे खरेदीदाराने कळवले. न्यायालयाने करार झालाच नाही असे ठरवले, कारण १,००० चा प्रस्ताव ९५० च्या उत्तरानेच संपला होता.

चाळीस वर्षांनी, १८८० मध्ये, स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन या खटल्यात लोखंडाचा व्यवहार होता. विक्रेत्याने टनाला ४० शिलिंग, रोख, असा दर देऊन तो सोमवारपर्यंत खुला ठेवला होता. खरेदीदाराने तार करून विचारले, की दोन महिन्यांत माल उचलण्याच्या अटीवर ४० शिलिंग चालतील का, आणि नसल्यास अधिकात अधिक किती मुदत मिळेल. विक्रेत्याने हे नकार समजून माल दुसऱ्याला विकला. न्यायालयाने मात्र ती केवळ विचारणा होती, नकार नव्हे, असे म्हणून खरेदीदाराच्या बाजूने निर्णय दिला.

कुर्डुवाडीच्या दुकानदाराला हाच धडा उपयोगी आहे. “४५ दिवस द्या, १२६ लावा, तरच माल पाठवा,” असे लिहिले, की १३० रुपयांचा प्रस्ताव संपतो. मग सूत आणखी महागले आणि उत्पादकाने १३५ सांगितले, तर ‘ठीक, १३० नेच द्या’ म्हणण्याचा आधार उरत नाही. याउलट ‘आपला प्रस्ताव विचाराधीन आहेच, त्याखेरीज असे शक्य होईल का?’ असे विचारले, तर तो जिवंत राहतो. अर्थात स्वीकृती कळवण्यापूर्वी उत्पादक आपला प्रस्ताव मागे घेऊ शकतो, म्हणून १० तारखेपर्यंत रेंगाळण्यातही शहाणपणा नाही.

प्रत्यक्ष पत्र

या साऱ्याचा मेळ घालून पाठवायचा ई-मेल असा असू शकेल:

विषय: लग्नसराईचे टॉवेल, २,००० नग, आपल्या ३ तारखेच्या दरपत्राबाबत

मा. अण्णा,
सप्रेम नमस्कार.

आपले ३ तारखेचे दरपत्र मिळाले. सकाळी फोनवर बोलणे झाले त्याप्रमाणे हिशेब करून लिहीत आहे. १३० रुपये व ३० दिवस हा आपला प्रस्ताव आमच्या विचाराधीन आहे आणि त्यावरील निर्णय १० तारखेपूर्वी कळवू.

सूत महागल्याचे आपण लिहिले ते आमच्याही कानावर आहे. ३०० ग्रॅमच्या टॉवेलमागे ही वाढ आमच्या हिशेबाने ४ रुपये ८० पैसे येते. यात आमची काही गल्लत होत असल्यास अवश्य सांगावे.

निर्णयापूर्वी एवढेच विचारावयाचे आहे, की पुढीलपैकी एखादा पर्याय आपल्याला सोयीचा होईल का?
(अ) दर १२६ रुपये, माल पोहोचल्यापासून ४५ दिवसांत पैसे.
(ब) दर १२४ रुपये, माल पोहोचल्यापासून ७ दिवसांत पूर्ण रक्कम बँकेतून.

दोन्हींत सर्व २,००० नग आम्ही एकाच खेपेत, तुळशीच्या लग्नाआधी उचलू. दोन्ही गैरसोयीचे असल्यास तेही मोकळेपणाने कळवावे.

आपला स्नेहांकित,

या पत्रात काय नाही, हेही पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या कारखान्याचा दर त्यात नाही. तो लिहिला की पत्राला धमकीचा रंग चढतो. ‘इतक्या वर्षांचे संबंध’ असा उल्लेखही नाही, कारण संबंधांचा हवाला देऊन सवलत मागितली, तर नकार देणाऱ्यावर संबंध मोडल्याचा ठपका येतो. वाढीपैकी जेवढा भाग पटला, तेवढा प्रथमच मान्य केला आहे. जो पटला नाही, त्याविषयी आरोप न करता स्वतःच्या हिशेबातील चूक दाखवण्याची विनंती केली आहे. उत्पादकाला खुलासा करायचा असेल तर वाट मोकळी आहे, आणि नसेल तर त्याची मान खाली जात नाही.

पत्राआधीचा फोनही महत्त्वाचा आहे. कुर्डुवाडीच्या स्थानकाचे नाव ‘बार्शी रोड’ होते, त्या काळापासून येथला व्यापारी गाडीने सुमारे ८० किलोमीटरवरच्या सोलापूरला जाऊन समोरासमोर भाव ठरवत आला. आवाजातला ओलावा आणि हातातला चहा कठोर आकडाही सौम्य करत असे. ई-मेलला चेहरा नसतो. म्हणून “अण्णा, पत्र मिळाले, सूत कोठे जाऊन पोहोचले हो! हिशेब करून संध्याकाळी लिहितो,” एवढे फोनवर बोलून घ्यावे. आकडे मात्र फोनवर सांगू नयेत. बोलताना सांगितलेला आकडा घाईत स्वीकारला जातो किंवा घाईत नाकारला जातो, आणि दोन्हींचा पुढे पश्चात्ताप होतो.

उत्तर आल्यावर

“शेठ, (ब) चालेल, पण १२५ करा,” असे उत्तर येण्याचा संभव मोठा. १२५ रुपये ७ दिवसांत दिले, तर दुकानदाराला टॉवेल सुमारे १२४ रुपये ७१ पैशांना पडतो, म्हणजे पहिल्या पर्यायापेक्षा ६० पैसे महाग. २,००० नगांवर हे १,२०० रुपये होतात. आकडा समोर असला, की त्यावर ताणायचे की सोडून द्यायचे, हे मनाच्या लहरीवर राहत नाही.

ठरल्यावर त्याच ई-मेलच्या मालिकेत एक शेवटचे पत्र जावे. त्यात नगांची संख्या, दर, मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, माल पोहोचण्याची तारीख आणि मालाचे वर्णन असावे. असे पत्र केवळ आठवणीसाठी नसते. ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदान्ता अॅल्युमिनियम या खटल्यात ऑक्टोबर २००७ मध्ये बॉक्साइटच्या पाच जहाजांचा व्यवहार ई-मेलवरच ठरला होता आणि औपचारिक करारपत्रावर सह्या झालेल्या नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये ई-मेलमधून अटी निश्चित झाल्या असतील तर करार पूर्ण झाला, असे मानले. टॉवेलचा व्यवहार लहान असला, तरी न्याय तोच आहे. एमएसएमईडी कायद्याला हवी असलेली लेखी मुदतही याच पत्रातून सिद्ध होते.

मालाच्या वर्णनात वजन अवश्य लिहावे: डझनाला ३ किलो ६०० ग्रॅम. दर कमी करून घेतल्यावर संबंध बिघडतात ते बहुधा येथे. १२४ रुपयांना ‘होय’ म्हटलेला कारखाना नकळत २८० ग्रॅमचा टॉवेल पाठवतो. हातात घेऊन तो ओळखू येत नाही, काट्यावर मात्र डझनामागे २४० ग्रॅमची तूट लगेच दिसते. माल उतरताच वेगवेगळ्या गठ्ठ्यांतले दोन-तीन डझन तोलावेत आणि तूट आढळल्यास १५ दिवसांच्या आत लेखी कळवावे. त्या मुदतीत लेखी हरकत न घेतल्यास माल पोहोचल्याच्या दिवशीच तो स्वीकारला, असे कायदा समजतो आणि पैसे देण्याची मुदतही तेव्हापासूनच धावू लागते.

राहता राहिला सातवा दिवस. त्या दिवशी पैसे पाठवून व्यवहाराचा यूटीआर क्रमांक त्याच ई-मेलला उत्तर म्हणून कळवावा. दर कमी करणारा उत्पादक ते ६ रुपये दुकानदाराला देत नसतो; तो ते सात दिवसांच्या वचनाला देत असतो. रक्कम विसाव्या दिवशी गेली, तर यंदा तो काही बोलणार नाही, पण पुढील हंगामाच्या दरपत्रात त्या तेरा दिवसांचा भाव धरलेला असेल, आणि तेव्हा दिलेल्या ‘७ दिवसांत’ या शब्दांवर एक पैसाही कमी होणार नाही.